फोनमधला फोटो प्रिंट केला की कडा का कापल्या जातात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोनवर पूर्ण दिसणारा फोटो ४×६ च्या प्रिंटवर अपुरा का येतो?

फोनच्या मुख्य कॅमेऱ्याने काढलेला साधा फोटो बहुतेक वेळा ४:३ या प्रमाणात असतो. म्हणजे लांब बाजूचे ४ भाग धरले तर आखूड बाजू ३ भागांची. ४×६ इंचाच्या कागदाचं प्रमाण मात्र ३:२ आहे. दोन्ही आयतच आहेत, पण कागद फोटोपेक्षा लांबट आहे.

आडवा फोटो या कागदावर ठेवून पाहू. पांढरी जागा राहू नये म्हणून त्याची लांबी ६ इंच करावी लागते. लांबी ६ इंच झाली की ४:३ च्या हिशोबाने उंची साडेचार इंच होते. कागद आहे ४ इंच उंच. जास्तीचा अर्धा इंच बसवायला जागाच नाही, म्हणून तो कापला जातो. लॅबचं मशीन फोटो मधोमध ठेवतं, त्यामुळे पाव इंच वरून आणि पाव इंच खालून जातो. फोटोच्या उंचीच्या हिशोबात हे ११ टक्के होतात, म्हणजे नवव्या हिश्शाइतका फोटो.

यात मशीन बिघडलेलं नसतं आणि फोटोही खराब नसतो. एका आकाराचं चित्र दुसऱ्या आकाराच्या कागदावर काठोकाठ बसवायचं असेल तर कापणं अटळ आहे. ते कुठून कापायचं हे तुम्ही ठरवायचं की मशीनवर सोडायचं, एवढाच निर्णय आपल्या हातात असतो.

कोणत्या साइजला किती कापलं जाईल हे आधी कसं ओळखायचं?

लांब बाजूला आखूड बाजूने भागा. ४:३ फोटोचं उत्तर १.३३ येतं. कागदाचंही तसंच काढा आणि दोन आकडे शेजारी ठेवा. कागदाचा आकडा मोठा असेल तर कागद फोटोपेक्षा लांबट आहे, आणि कापलं जातं ते फोटोच्या आखूड बाजूच्या मापातून: आडव्या फोटोत वरून-खालून, उभ्या फोटोत डावी-उजवीकडून. कागदाचा आकडा लहान असेल तर कागद जास्त चौकोनी आहे आणि लांब बाजूची दोन टोकं जातात.

नेहमीच्या साइजचा ४:३ फोटोसाठीचा हिशोब असा:

| प्रिंट (इंच) | भागाकार | आडव्या फोटोत काय जातं |
|---|---|---|
| ४×६, ८×१२, १२×१८ | १.५० | वर-खाली मिळून ११ टक्के |
| ५×७ | १.४० | वर-खाली मिळून ५ टक्क्यांच्या आत |
| ए४ | १.४१ | वर-खाली मिळून ६ टक्क्यांच्या आत |
| ६×८, १२×१६, १८×२४ | १.३३ | काहीच नाही |
| ११×१४ | १.२७ | दोन्ही टोकांतून मिळून साडेचार टक्के |
| ८×१० | १.२५ | दोन्ही टोकांतून मिळून सव्वासहा टक्के |

तक्त्यातली शेवटची ओळ जरा थांबून वाचा. त्याच फोटोची ४×६ प्रिंट वरून-खालून कापली जाते आणि ८×१० प्रिंट बाजूंनी. ‘छोटी प्रिंट नीट आली, आता तीच मोठी करून द्या’ असं सांगितल्यावर घोटाळा होतो तो इथेच. मोठी प्रिंट ही छोटीचीच वाढवलेली प्रत असेल असं आपण धरून चालतो, पण ४×६ ची खरी मोठी बहीण ८×१२ आहे, ८×१० नाही.

कागद ३:२ चा आणि फोन ४:३ चा, हा घोळ कोणी घालून ठेवला?

कोणी मुद्दाम घातलेला नाही. ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर सिनेमाची एक चौकट साधारण १८×२४ मिलिमीटरची असे, म्हणजे ४:३. तीच फिल्म स्थिरचित्रांसाठी वापरताना ऑस्कर बारनॅक यांनी लायका कॅमेऱ्यात शेजारच्या दोन चौकटी एकत्र करून २४×३६ मिलिमीटरची एक चौकट केली. तिचं प्रमाण झालं ३:२. लायका १९२५ मध्ये बाजारात आला, पुढे ३५ मिलिमीटरची फिल्म घरोघरी पोहोचली आणि ४×६ चा कागद त्या निगेटिव्हला बेतून सर्वत्र रुळला. ८×१० चं मूळ त्याहून जुनं, ४×५ आणि ८×१० इंचाच्या मोठ्या निगेटिव्हचं. डिजिटल कॅमेरे आले तेव्हा संगणकाचे पडदे ४:३ होते. छोट्या डिजिटल कॅमेऱ्यांनी तेच प्रमाण धरलं आणि फोनमध्येही तेच आलं. थोडक्यात, कागद फिल्मच्या काळातला आहे आणि फोटो पडद्याच्या काळातला.

समजा दहा जणांचा ग्रुप फोटो ४×६ वर काढायचा आहे. नेमकं काय होईल?

एक फोटो घेऊन पूर्ण हिशोब करू. १२ मेगापिक्सेलचा आडवा फोटो, ४०३२×३०२४ पिक्सेल. पुढची रांग बसलेली, मागची उभी. मागच्या रांगेतल्या सर्वांत उंच माणसाच्या डोक्यावर १२० पिक्सेल जागा आहे. खाली पुढच्या रांगेच्या पायांपुढे ६०० पिक्सेल मोकळी जमीन आहे.

३:२ साठी उंची २६८८ पिक्सेल पुरते, म्हणजे ३३६ पिक्सेल जायला हवेत. मशीन मधोमध कापतं, म्हणून १६८ वरून आणि १६८ खालून. वर जागा होती १२० पिक्सेलची, तेव्हा उंच माणसाच्या डोक्याचे ४८ पिक्सेल गेले. प्रिंटवर एका इंचात ६७२ पिक्सेल बसतात, त्यामुळे ४८ पिक्सेल म्हणजे जेमतेम दोन मिलिमीटर. वाचायला किरकोळ वाटतं. पण अशा फोटोत प्रिंटवरचं एकेक डोकं १२-१३ मिलिमीटरचंच असतं, त्यामुळे केसांचा वरचा भाग सरळ रेषेत छाटलेला दिसतो. खाली मात्र जमिनीचा मोठा पट्टा रिकामाच राहतो.

आता हाताने क्रॉप केलं तर? पहिला विचार असा येतो की वरून थोडंसं, म्हणजे ६० पिक्सेल कापू आणि उरलेले २७६ खालून. पडद्यावर हे छान दिसतं, डोक्यावर ६० पिक्सेल जागा राहते. पण बॉर्डरलेस प्रिंटमध्ये कागदाच्या चारही कडांना आणखी दोन-तीन मिलिमीटर जातात (याचं कारण पुढे दिलं आहे). तीन मिलिमीटर म्हणजे या प्रिंटवर सुमारे ८० पिक्सेल. साठ पिक्सेलची जागा त्यात संपते आणि डोकं पुन्हा कडेला घासतं.

म्हणून इथे बरोबर क्रॉप एकच आहे: वरून शून्य, खालून पूर्ण ३३६. मग डोक्यावर १२० पिक्सेल, म्हणजे साडेचार मिलिमीटर राहतात. मशीनने तीन खाल्ले तरी दीड उरतात. पायांखाली २६४ पिक्सेल, म्हणजे प्रिंटवर सेंटिमीटरभर जमीन राहते आणि ती पुरेशी आहे.

तोच ग्रुप फोटो ८×१० मध्ये हवा असेल तर?

आता डोकी सुरक्षित आहेत, कारण उंची पूर्ण राहते. संकट टोकांना येतं. फोटोची उंची ८ इंच केली की लांबी १०.६७ इंच होते आणि कागद १० इंचाचा. उरलेले दोन तृतीयांश इंच दोन्ही टोकांत वाटले तर प्रत्येक बाजूने साडेआठ मिलिमीटर जातात. रांगेच्या टोकाला उभ्या असलेल्यांचे खांदे, कोपर, कधी अर्धा चेहरा यात सापडतो.

एका टोकाला रिकामी जागा असेल तर चौकट सरकवून वाचवता येतं. दोन्ही टोकांना माणसं काठाला लागून असतील तर सरकवून उपयोग नाही, कारण एकाला वाचवलं की दुसरा जातो. अशा वेळी ८×१० चा हट्ट सोडून १२×१६ किंवा ६×८ घ्यावी. ८×१० चीच फ्रेम हातात असेल तर पूर्ण फोटो ठेवून वर-खाली पांढरी पट्टी घ्यावी. १० इंच लांबीवर फोटो साडेसात इंच उंच येतो, म्हणजे वर पाव आणि खाली पाव इंच पांढरं. चेहरा कापण्यापेक्षा ही पट्टी केव्हाही बरी.

बॉर्डरलेस प्रिंटमध्ये चारही बाजूंनी आणखी थोडं का जातं?

कागद मशीनमध्ये दरवेळी अगदी त्याच जागी सरकत नाही, मिलिमीटरभर इकडेतिकडे होतो. चित्र कागदाच्या मापाचंच छापलं तर अशा वेळी एका कडेला बारीक पांढरी रेघ उरेल. ती टाळण्यासाठी मशीन चित्र कागदापेक्षा किंचित मोठं करतं आणि जास्तीचा भाग कडेबाहेर सोडून देतं. घरगुती प्रिंटरच्या बॉर्डरलेस सेटिंगमध्येही हेच होतं. काही प्रिंटरमध्ये हा विस्तार कमी-जास्त करायचा पर्याय असतो.

म्हणूनच फोटो आधीच नेमका ३:२ मध्ये क्रॉप करून दिला तरी कडा थोड्या जातात. ‘मी बरोबर मापात कापून दिला होता, तरी लॅबने पुन्हा कापला’ या तक्रारीमागे बहुधा हेच असतं. फोटोच्या कडेला तारखेची ओळ, सही किंवा बारीक रंगीत चौकट टाकली असेल तर ती प्रिंटमध्ये तिरपी किंवा एका बाजूला जाड आणि दुसरीकडे पातळ दिसते. अशा गोष्टी कडेपासून किमान पाच मिलिमीटर आत ठेवा. कडेला लागून चौकट तर टाकूच नका.

फोटोतलं काहीच कापायचं नाही. काय पर्याय आहेत?

सर्वांत सरळ पर्याय ४:३ चाच कागद: ६×८, १२×१६ किंवा १८×२४ इंच. काही लॅबमध्ये साडेचार×सहा इंचाचीही प्रिंट मिळते, तीही ४:३ च असते.

दुसरा पर्याय पांढऱ्या बॉर्डरचा. ४×६ वर पूर्ण ४:३ फोटो ठेवला की तो ४ इंच उंच आणि ५.३३ इंच लांब येतो. डावी-उजवीकडे प्रत्येकी एक तृतीयांश इंच, म्हणजे साडेआठ मिलिमीटरची पांढरी पट्टी राहते. फक्त दोन बाजूंना पट्टी असेल तर प्रिंट चुकल्यासारखी वाटते. फोटो थोडा लहान करून चारही बाजूंना पांढरं सोडलं तर तेच मुद्दाम केलेलं वाटतं. ऑर्डर देताना ‘बॉर्डरसह, पूर्ण फोटो, क्रॉप नको’ असं स्पष्ट लिहा. नुसतं ‘बॉर्डरसह’ लिहिलं तर काही ठिकाणी आधी फोटो ३:२ मध्ये कापतात आणि मग त्याला सारखी बॉर्डर देतात, म्हणजे कापलं तर गेलंच आणि वर फोटोही लहान झाला.

पांढऱ्या पट्टीऐवजी त्याच फोटोची धूसर, मोठी केलेली प्रत मागे लावायचीही पद्धत आहे. फोनच्या पडद्यावर ती खपून जाते. कागदावर मात्र नजर त्या धूसर पट्ट्यांकडे जात राहते. पांढरं साधं असतं आणि चालून जातं.

फोटो ताणून बसवता येत नाही का?

येतो, पण ४:३ चा ३:२ करायला तो एका दिशेने साडेबारा टक्के ताणावा लागतो. तेवढ्याने माणसं रुंद झालेली आणि गोल चेहरे लंबगोल झालेले स्पष्ट कळतात. हा पर्याय सोडा.

संगणकावरून प्रिंट देताना ‘फिट’ निवडलं, तरी कापलं गेलं. असं कसं?

हा शब्द फसवा आहे. विंडोजमधल्या फोटो प्रिंट करायच्या जुन्या खिडकीत खाली `Fit picture to frame` असा चौकोन असतो आणि त्यावर आधीच बरोबरची खूण असते. नावावरून वाटतं की चित्र चौकटीत पूर्ण बसेल. होतं उलटं: खूण असताना चौकट पूर्ण भरली जाते आणि जास्तीचं कापलं जातं. खूण काढली की पूर्ण फोटो पांढऱ्या जागेसह येतो.

इतर प्रोग्रॅममध्ये साधारणपणे `Fill` म्हणजे कागद भरणे आणि कापणे, तर `Fit` म्हणजे पूर्ण फोटो आणि उरलेलं पांढरं. पण नावावर भिस्त ठेवण्यापेक्षा छापण्याआधी दिसणाऱ्या नमुन्यात फोटोची चारही टोकं तपासा. मूळ फोटोत अगदी कोपऱ्यात असलेली एखादी वस्तू लक्षात ठेवा, दाराचा कोपरा किंवा कोणाची चप्पल. ती नमुन्यात दिसली नाही तर क्रॉप चालू आहे.

फोनवर स्वतः क्रॉप करायचं तर कसं?

आधी फोटोची प्रत करा. मग गॅलरीत तो उघडून संपादन आणि त्यात क्रॉप निवडा. तिथे प्रमाणांची यादी देणारं एक चिन्ह असतं. त्यात ३:२ (उभ्या फोटोसाठी २:३), ५:४, ७:५ असे पर्याय मिळतात. काही अ‍ॅपमध्ये ८:१० किंवा ५:७ असंही लिहिलेलं असतं, अर्थ तोच. प्रमाण निवडल्यावर चौकट त्याच आकारात अडकते. आता कोपरे ओढू नका. कोपरे आत ओढले तर गरजेपेक्षा जास्त कापलं जातं. चौकट शक्य तेवढी मोठी ठेवून बोटाने फक्त फोटो वर-खाली किंवा बाजूला सरकवा.

सरकवताना तीन गोष्टी क्रमाने बघा: सर्वांत वरचं डोकं, टोकाची माणसं, मग हात-पाय. हात किंवा पाय कापावाच लागला तर सांध्यावर, म्हणजे मनगट, कोपर, घोटा किंवा गुडघा इथे कापू नका. दंडाच्या किंवा मांडीच्या मधोमध कापलेलं डोळ्याला कमी खुपतं.

गॅलरीच्या यादीत हवं ते प्रमाण नसेल तर मोकळ्या क्रॉपने अंदाजाने काढू नका. नेमकं प्रमाण आलं नाही तर मशीन उरलेला फरक स्वतः कापतं, आणि तुम्ही जपून ठेवलेली डोक्यावरची जागा त्यातच जाऊ शकते.

एकाच फोटोच्या ४×६ आणि ८×१० अशा दोन्ही प्रिंट हव्या आहेत. एक क्रॉप चालेल का?

नाही. दोन वेगळे क्रॉप करा आणि दोन्ही मूळ फोटोवरूनच करा. ३:२ मध्ये कापलेल्या प्रतीवरून पुन्हा ५:४ काढलं तर आधी वर-खाली गेलं आणि नंतर बाजूंनीही गेलं. ४०३२×३०२४ च्या फोटोवरून थेट ५:४ काढलं तर ३७८०×३०२४ पिक्सेल हाती लागतात आणि फोटोचा १६ वा हिस्सा जातो. ३:२ च्या वाटेने गेलं तर उरतात ३३६०×२६८८, म्हणजे फोटोचा चौथ्या हिश्शाहून जास्त भाग गेलेला असतो. फाइलला नाव देतानाच शेवटी ‘४×६’, ‘८×१०’ असं लिहून ठेवलं तर पुढचा गोंधळ टळतो.

कॅमेरा १६:९ किंवा ‘फुल’ वर ठेवून फोटो काढले तर?

पडद्यावर ते भरगच्च दिसतात, म्हणून अनेकांना ते मोठे वाटतात. प्रत्यक्षात मुख्य सेन्सर सहसा ४:३ असतो आणि १६:९ चा फोटो त्याच्या वरच्या-खालच्या पट्ट्या टाकून बनतो: ४०३२×३०२४ ऐवजी ४०३२×२२६८. म्हणजे फोटो काढतानाच चौथा हिस्सा गेला.

प्रिंटला याची दुसरी किंमत मोजावी लागते. १६:९ चा भागाकार १.७८, कागदाचा १.५. आता कागद फोटोपेक्षा चौकोनी ठरतो आणि दोन्ही टोकांतून मिळून साडेपंधरा टक्क्यांहून जास्त जातं. ८×१० वर तर जवळपास ३० टक्के लांबी जाते. दहा जणांच्या रांगेतली दोन-तीन माणसंच गायब. व्हिडिओतून काढलेल्या चित्राचं आणि आडव्या धरलेल्या फोनच्या स्क्रीनशॉटचंही हेच होतं.

प्रिंट करायचे फोटो ४:३ वरच काढा. वाटल्यास नंतर कापता येतं. न टिपलेला भाग मात्र परत आणता येत नाही.

फोटो काढतानाच किती जागा सोडावी?

पुढे कोणती साइज लागेल हे माहीत नसतं, त्यामुळे चारही बाजूंनी सोडलेली बरी. ४×६ साठी आडव्या फोटोत वर आणि खाली प्रत्येकी उंचीचा अठरावा हिस्सा कापला जातो, शिवाय मशीनचे दोन-तीन मिलिमीटर. दोन्ही मिळून उंचीचा साधारण बारावा हिस्सा होतो. वर तेवढी जागा डोक्यावर राहिली, तर मधोमध कापणारं मशीनही डोक्याला हात लावणार नाही. डोळ्याने अंदाज घ्यायचा तर चौकटीच्या उंचीचा दहावा भाग वर आणि दहावा खाली मोकळा ठेवा. टोकांना विसावा भाग पुरतो. ग्रुप फोटोत एक पाऊल मागे जाऊन हे सहज साधतं.

उभ्या फोटोत हे उलटं होतं: ४×६ प्रिंट डावी-उजवीकडून कापली जाते आणि ८×१० वरून-खालून. एकट्या माणसाच्या उभ्या फोटोला ४×६ म्हणूनच फारसा त्रास देत नाही. दोघं खांद्याला खांदा लावून काठोकाठ उभे असतील तर मात्र देते.

जास्त मेगापिक्सेलच्या फोनमध्ये कापणं कमी होतं का?

नाही. मेगापिक्सेल म्हणजे ठिपक्यांची संख्या, आकार नव्हे. १२ मेगापिक्सेल असो की ५०, फोटो ४:३ असेल तर ४×६ वर ११ टक्केच जातात.

क्रॉप केल्यावर प्रिंट फाटल्यासारखी दिसेल का?

मूळ फाइल असेल तर काळजी नको. चांगल्या प्रिंटला इंचामागे ३०० पिक्सेल पुरतात, म्हणजे ४×६ ला १८००×१२००. वरच्या उदाहरणात क्रॉपनंतरही ४०३२×२६८८ उरले आहेत, गरजेच्या दुपटीहून जास्त. तीच फाइल १२×१८ वर नेली तर इंचामागे २२४ पिक्सेल येतात. तेवढी मोठी प्रिंट हातभर दुरूनच पाहिली जात असल्याने तीही चालते.

घोळ होतो तो मेसेजमधून आलेल्या फोटोंचा. पाठवताना अ‍ॅप फोटो लहान करतं आणि लांब बाजू अनेकदा १६०० पिक्सेलच्या आसपास उरते. ४×६ ला हे इंचामागे २६७ पडतात, ठीक आहे. ८×१२ ला १३३ च, आणि डोळे-केस मऊ, पुसट दिसू लागतात. पाठवणाऱ्याला फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा, मग मूळ पिक्सेल येतात. फाइलच्या माहितीत पिक्सेलचे आकडे बघितले की लगेच कळतं: मूळ फोटोत ते चार हजारांच्या आसपास असतात.

प्रिंट बरोबर आली, पण फ्रेममध्ये घातल्यावर पुन्हा कडा झाकल्या गेल्या.

फ्रेमला आतून एक खाच असते, तिच्या ओठाखाली प्रिंटच्या कडा दबतात. प्रत्येक बाजूने काही मिलिमीटर जातात. माउंटबोर्ड, म्हणजे मधे खिडकी कापलेला जाड पुठ्ठा, लावलेली फ्रेम असेल तर आणखी जास्त. ८×१० फोटोसाठीच्या माउंटची खिडकी सहसा ७.५×९.५ इंचाची असते, म्हणजे प्रत्येक बाजूने पाव इंच झाकलं जातं. ८×१० च्या फ्रेमसाठी फोटो क्रॉप करत असाल तर खिडकीचं माप घ्या आणि चेहरे त्या खिडकीच्या आत बसतात का ते बघा. पांढऱ्या बॉर्डरची प्रिंट अशा माउंटमध्ये घातली तर पाव इंचाची पट्टी नेमकी त्याखाली झाकली जाते. वरच्या उदाहरणातल्या ८×१० ला वर-खाली तेवढीच पट्टी होती: माउंट बसवल्यावर ती दिसत नाही, दहाही डोकी राहतात, आणि टोकाच्या माणसांचा मात्र पाव इंच बाजूने झाकला जातो. म्हणून अशी प्रिंट काढताना फोटो आणखी थोडा लहान करून डावी-उजवीकडेही पाव इंच पांढरं सोडा.